नेली की गेली? अल्पवयीनाची संमती आणि अपहरणाचा कायदा



गुरुजींच्या स्मृतीसाठी बपेऱ्यात चालणाऱ्या या व्याख्यानमालेत कायद्यावर बोला, असा निरोप आला तेव्हा विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. तालुक्याच्या कोर्टात एक प्रकरण पुन्हा पुन्हा येते. वडील फिर्याद देतात, ‘माझ्या मुलीला फूस लावून पळवून नेले.’ काही दिवसांनी मुलगी सापडते आणि म्हणते, ‘मला कुणी नेलं नाही, मी आपल्या मनानं गेले.’ मग मुलाची आई व्हरांड्यात वकिलाला गाठून विचारते, ‘साहेब, पोरगीच सांगते ना, आपल्या मनानं गेले म्हणून. मग माझा पोरगा आत कशापायी?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला ‘मुलगी अल्पवयीन आहे, तिची संमती चालत नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर देऊन आम्ही वकील मंडळी पुढच्या तारखेला निघून जातो. ते उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

बोलताना आपण सगळ्यालाच अपहरण म्हणतो. कायद्यात मात्र हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि कायद्याच्या मराठी पुस्तकांत त्यांना अपनयन आणि अपहरण अशी दोन नावे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १३७ अपनयनाचे आणि १३८ अपहरणाचे. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे हीच कलमे भारतीय दंड संहितेत ३५९ ते ३६२ या क्रमांकांनी होती. जुन्या खटल्यांत आजही तेच आकडे दिसतात.

अपहरण समजायला सोपे आहे. कोणत्याही माणसाला, मग तो दहा वर्षांचा असो की साठ, बळजबरीने किंवा फसवून एका जागेहून दुसरीकडे नेणे म्हणजे अपहरण. इथे ज्याला नेले त्याची इच्छा हाच सगळा मुद्दा असतो. तो खुशीने गेला, कुणी जोर केला नाही, खोटे सांगितले नाही, तर अपहरण झालेच नाही. आणखी एक गोष्ट वकिलांच्याही ध्यानातून निसटते. नुसत्या अपहरणाला स्वतंत्र शिक्षा नाही. खून करण्यासाठी, खंडणीसाठी, कोंडून ठेवण्यासाठी, बाईला मनाविरुद्ध लग्न लावायला भाग पाडण्यासाठी, असा काही हेतू जोडला गेला तरच ते शिक्षेच्या कलमात बसते. खंडणीचे १४०, लग्नासाठीचे ८७.

अपनयनाची घडण मुळातच वेगळी आहे. त्याचा एक प्रकार म्हणजे एखाद्याला देशाबाहेर नेणे. तो आपल्या विषयाचा नाही. दुसरा प्रकार म्हणजे अल्पवयीनाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून नेणे किंवा भुलवून काढणे. या व्याख्येत बळजबरीचा उल्लेख नाही, हेतूचाही नाही, आणि मुलाच्या संमतीबद्दल एक अक्षरही नाही. संमती हा शब्द आहे, पण ती पालकाची. एवढे घडले की गुन्हा पुरा झाला, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड.

व्हरांड्यातल्या त्या आईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे. मुलगी खोटे बोलते म्हणून किंवा तिला अक्कल नाही म्हणून कायदा तिची संमती नाकारतो, असे नाही. त्याने संमती विचारली आहे ती दुसऱ्याच माणसाला. भाडेकरूच्या मुलाने घर विकायला होकार दिला, तर तो होकार मनापासूनचा होता की नव्हता याची चौकशी कुणी करत बसत नाही, कारण तो अधिकार त्याचा नव्हता. घर सोडून कुणाबरोबर निघून जाण्याचा अधिकार अठरा वर्षांपर्यंत कायद्याने मुलाच्या हाती पूर्णपणे दिलेला नाही. तो पालकाकडे राखून ठेवला आहे.

हे ऐकून काही तरुणांना वाटेल की कायदा मुलीला बापाची मालमत्ता समजतो. एकोणिसाव्या शतकात हा कायदा लिहिला गेला तेव्हा त्यात तसा रंग होताच, हे मी नाकारत नाही. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘हरियाणा राज्य विरुद्ध राजा राम’ या खटल्यात सांगितले की, या कलमाचा उद्देश पालकाच्या हक्काचे रक्षण हा जेवढा आहे, तेवढाच अल्पवयीनाला गैर हेतूने भुलवण्यापासून वाचवण्याचाही आहे. आरोपीने मन वळवल्यामुळे मुलीच्या मनात जायची तयारी निर्माण झाली असेल, तर तेवढेही पुरे, जोरजबरदस्ती लागत नाही. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण ज्याला मूल पळवायचे आहे त्याला ताकद लागतच नाही. भूल, वचन, मोबाइल, शहराचे स्वप्न, ‘तुझे घरचे तुला समजून घेत नाहीत’ हे वाक्य, एवढ्यावर काम होते. ज्या गोष्टीने संमती तयार होते तीच गोष्ट गुन्ह्याचे साधन असेल, तर त्या संमतीला बचाव मानणे म्हणजे गुन्हेगाराच्या कौशल्याला बक्षीस देणे होईल.

आता वयाचे. १८६० च्या मूळ कायद्यात मुलगा चौदा वर्षांखालचा आणि मुलगी सोळाखालची अशी मर्यादा होती. १९४९ मध्ये ती मुलाला सोळा आणि मुलीला अठरा झाली. पुढे पंचाहत्तर वर्षे ती तशीच राहिली. नव्या संहितेने हा फरक काढून टाकला आणि ‘बालक’ हा एकच शब्द ठेवला, मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालचा. आपल्याकडे या बदलाची चर्चा झाली नाही, पण आपल्या भागाला तो थेट लागू होतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कुणी मुकादम आईबापाला न विचारता, ‘चल, चांगली मजुरी मिळते’ म्हणून बाहेरगावी घेऊन गेला, तर जुन्या कायद्याने ते अपनयन होत नव्हते. आता होते. तो मुलगा आनंदाने गाडीत बसला असला तरी होते. आईबापांनीच पाठवले असेल तर हे कलम लागत नाही, कारण पालकाची संमती आहे. पण मुलाचे शोषण होत असेल तर मानवी तस्करीचे कलम १४३ उभे राहते आणि तिथे शोषण झालेल्याची संमती पाहिलीच जात नाही.

‘तिने मला अठरा पूर्ण सांगितले होते’ हा बचावही चालत नाही. याचे मूळ १८७५ सालच्या इंग्लंडमधल्या प्रिन्स नावाच्या माणसाच्या खटल्यात आहे. मुलगी चौदा वर्षांची होती, दिसायला मोठी होती, आणि तिने आपले वय अठरा सांगितले होते. त्याने ते खरे मानले, आणि त्याचा तो समज वाजवी होता हे न्यायालयानेही मान्य केले. तरी शिक्षा झाली. दुसऱ्याच्या लेकराला तू त्याच्या घरातून नेत होतास, वयाची जोखीम तुझी, असा तो न्याय. आपल्याकडेही या कलमात वय हे वस्तुस्थितीने ठरते, आरोपीच्या समजुतीने नाही.

इथपर्यंत सगळे कडक वाटते. पण आता मी ज्या निकालाकडे येतो आहे त्याने या कडकपणाला एक दार ठेवले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या विदर्भाचे होते, हे सांगताना मला अभिमान वाटतो. न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीच्या ज्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांनी १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले, त्यांचे ते चिरंजीव. नागपूरच्या उच्च न्यायालयात ते न्यायाधीश होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांनी ‘एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य’ हा निकाल दिला. साठ वर्षे उलटली, तरी देशातल्या कोणत्याही कोर्टात या कलमावर युक्तिवाद त्या निकालावाचून पुढे सरकत नाही.

हकीकत अशी. मद्रासमध्ये बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी. शेजारच्या घरातल्या वरदराजनशी तिचे बोलणे होई. ३० सप्टेंबर १९६० रोजी बहिणीने ते पाहिले आणि विचारले, तेव्हा मुलीने सांगून टाकले की मला त्याच्याशीच लग्न करायचे आहे. वडिलांनी त्याच दिवशी तिला कोडंबाक्कमला एका नातेवाइकाकडे नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती त्या घरातून एकटी निघाली, वरदराजनला फोन केला, अमुक रस्त्यावर येऊन भेट म्हणाली आणि स्वतः तिथे जाऊन उभी राहिली. दोघे ओळखीच्या एका माणसाला साक्षीदार म्हणून घेऊन रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले, लग्नाच्या कराराची नोंद केली, मग गावोगाव फिरत राहिले. ३ नोव्हेंबरला तंजावरला पोलिसांनी त्यांना गाठले. मुलीचा जन्म १३ नोव्हेंबर १९४२ चा. म्हणजे घर सोडले तेव्हा अठरा पुरे व्हायला सहा आठवडेच उरले होते. पण उरले होते. वरदराजनला एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि उच्च न्यायालयानेही ती कायम केली.

मुधोळकरांनी काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुलगी नातेवाइकाच्या घरी होती, बापाच्या घरी नव्हती, म्हणून ती पालकाच्या ताब्यातच नव्हती, हा मार्ग त्यांनी घेतला नाही. बापानेच तिथे ठेवले होते, त्यामुळे तो ताबा बापाचाच. वसतिगृहात किंवा मामाच्या घरी राहणाऱ्या मुलीलाही हेच लागू. मुलीची संमती होती म्हणून गुन्हा नाही, असेही त्यांनी म्हटले नाही. त्यांनी बोट ठेवले ते क्रियापदावर. कलम म्हणते, नेतो किंवा भुलवून काढतो. तर मग नेले कोणी? एखाद्या अल्पवयीनाला नेणे आणि त्याला आपल्याबरोबर येऊ देणे, यात फरक आहे. आपण काय करतो आहोत हे पुरते समजणारी मुलगी जर स्वतः ठरवून, स्वतः पाऊल उचलून घर सोडत असेल, तर आरोपीला दोषी धरायला आणखी काहीतरी दिसले पाहिजे. त्याने आमिष दाखवले, आग्रह केला, घर सोडण्याचा विचार तिच्या मनात रुजवण्यात त्याचा हात होता, असे काही. ते त्या दिवशीच झाले पाहिजे असे नाही, महिना आधी केलेला आग्रहही पुरतो. पण तिने आधीच केलेल्या निश्चयाला त्याने नुसता हातभार लावला असेल, तर ते ‘नेणे’ नव्हे. तिला समजावून घरी परत पोचवण्याचे कर्तव्यही कायद्याने त्याच्यावर टाकलेले नाही. वरदराजन सुटला.

म्हणजे संमती मोजली जात नाही, हे खरे. पण मुलीचे वागणे मोजले जाते. तिचा होकार बचाव म्हणून दारातून आत येऊ शकत नाही. मात्र घटना काय घडली याचा पुरावा म्हणून तिची सगळी कृती न्यायाधीशासमोर येते. पहिला फोन कुणी केला, घरातून ती एकटी निघाली की तो बोलवायला आला, तिकीट कुणी काढले, आधीच्या मेसेजांत ‘ये’ कोण म्हणत होते आणि ‘येते’ कोण. आजच्या खटल्यात मोबाइलची कॉल नोंद आणि चॅट हीच कोडंबाक्कमच्या त्या फोनची जागा घेतात. बचावाचा वकील ‘मुलीची संमती होती’ एवढाच धोशा लावत बसला, तर त्याने आपल्या अशिलाचे नुकसान केले असे मी म्हणेन. त्याने विचारायचे ते ‘नेले कोणी’ हे. आणि सरकारी वकिलाने ‘ती अल्पवयीन होती’ एवढे सिद्ध करून थांबू नये, त्याने आमिष कुठे होते ते दाखवावे.

या दाराचा गैरवापर होऊ नये म्हणून न्यायालयांनी ते फार रुंद केलेले नाही. १९७३ मध्ये गुजरातच्या ‘ठाकोरलाल वडगामा’ खटल्यात एक धनवान, प्रौढ माणूस होता. त्याने एका लहान मुलीला बराच काळ भेटवस्तू देऊन, जवळीक वाढवून आपल्याकडे ओढले होते. शेवटी ती स्वतःच घर सोडून त्याच्याकडे आली. पाऊल तिचेच होते, पण त्या पावलाची वाट त्याने महिनोन् महिने तयार केली होती, म्हणून दोष कायम राहिला. आणि जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अन्वरसिंह विरुद्ध गुजरात राज्य’ या निकालात स्पष्ट म्हटले की, अल्पवयीन मुलीचे प्रेम हा अपनयनाच्या आरोपाला बचाव होत नाही, वरदराजनचे उदाहरण सरसकट लावता येणार नाही. घटना १९९८ ची होती. आरोपी तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा, जबरदस्ती नव्हती, बलात्काराच्या आरोपातून उच्च न्यायालयाने त्याला आधीच मुक्त केले होते. न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून सोडले. मला हा निकाल मानवी वाटतो, पण त्यातली वेदनाही दिसते. अंतिम निकाल लागेपर्यंत त्या माणसाची बावीस वर्षे कोर्टात गेली होती.

गावात मला वारंवार विचारतात, मुलगी हरवल्याची नुसती खबर द्यायला गेलो तर पोलिसांनी लगेच अपहरणाचा गुन्हा का लिहिला? याचे कारण १० मे २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘बचपन बचाओ आंदोलन’ खटल्यातला आदेश. अठरा वर्षांखालचे मूल हरवले की ते पळवले गेले असेच धरून गुन्हा नोंदवायचा, वाट बघत बसायचे नाही. म्हणून कागदावर ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ असे येते. त्याचा अर्थ कुणीतरी दोषी ठरला असा नाही. शोध लगेच सुरू व्हावा एवढाच त्याचा उद्देश. हद्दीचाही प्रश्न बपेऱ्यासारख्या गावात उभा राहतो, कारण इथून पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा आहे, सोयरिकी दोन्हीकडे आहेत आणि पळालेले जोडपे बहुधा पलीकडच्या नातलगाकडेच जाते. मुलगी जिथून नेली तिथे, जिथे नेली तिथे किंवा जिथे ठेवली तिथे, तिन्ही ठिकाणच्या कोर्टात खटला चालू शकतो. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. आणि पलीकडच्या त्या नातलगांनी ध्यानात ठेवावे की अपनयन मुलीला पालकाच्या ताब्यातून काढले त्या क्षणी पुरे होते. अपहरण मात्र माणसाला जागोजागी हलवत राहाल तोवर चालू राहते. म्हणून मागाहून आसरा देणारा अपनयनाचा आरोपी सहसा होत नाही, पण मुलीला पळवून आणले आहे हे माहीत असून लपवले, तर कलम १४२ प्रमाणे त्याला अपनयन करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे.

खटला सर्वांत जास्त वेळा फसतो तो वयावर. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, म्हणून साडेसतरा की अठरा हा वाद तिने सुटत नाही. पहिलीत नाव घालताना अंदाजाने सांगितलेली तारीख पुढे एखाद्याला तुरुंगात घालते किंवा एखाद्या भुलवणाऱ्याला सोडते. माझी इथल्या पालकांना विनंती आहे, ग्रामपंचायतीतली जन्मनोंद आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली तारीख एकच आहे का, हे मूल लहान असतानाच पाहून घ्या.

बापानेच मूल नेले तर? नवराबायकोच्या भांडणात एकमेकांविरुद्ध अशा फिर्यादी होतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक आहेत. ताब्याबद्दल कोर्टाचा मनाई आदेश नसेल, तर आईकडून स्वतःचे मूल नेले म्हणून ते अपनयन होत नाही. तो वाद कौटुंबिक न्यायालयाचा.

अपनयन हा एकटा गुन्हा असता तर शेवटी दया दाखवायला जागा असती. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती जागा फार थोडी ठेवली आहे. तिथे प्रश्न शरीरसंबंधाचा आहे आणि वयाची रेषा अठराची, ‘नेली की गेली’ हा भेद तिथे उपयोगाचा नाही. मुधोळकरांच्या निकालाने कलम १३७ मधून सुटलेला मुलगा त्याच खटल्यात पोक्सोखाली दोषी ठरू शकतो. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा यांना आणि लहान मुलीला नासवणाऱ्या प्रौढाला एकाच कलमाने मोजणे मला योग्य वाटत नाही. तो बदल संसदेने करायचा आहे. तोवर अठराच्या आतले प्रेम हे कोर्टात प्रेम म्हणून उभे राहत नाही, हे पोरांना घरात आणि शाळेत स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘लग्न लावून टाकलंय, आता काय’ असे म्हणत जे पालक समेटाला येतात, त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने साधारण बालविवाह आपोआप रद्द होत नाही. ज्याचे वय कमी होते त्याने सज्ञान झाल्यानंतरची दोन वर्षे पुरी होण्याआधी कोर्टात मागितले तर रद्द होतो. पण त्याच कायद्याचे कलम १२ म्हणते की अल्पवयीनाला पालकाच्या ताब्यातून नेऊन किंवा भुलवून, अथवा बळाने किंवा फसवून लग्न लावले असेल, तर ते लग्न मुळातच शून्य आहे. अपनयन आणि अपहरण या दोन्हींच्या व्याख्या तिथे जशाच्या तशा उतरल्या आहेत. म्हणून समेटाचा कागद लिहायला बसण्याआधी वकिलाला हे विचारा की मुलगी त्या दिवशी नेली गेली होती की स्वतः गेली होती. त्या उत्तरावर मुलाचा तुरुंगच नव्हे, तर मंगळसूत्र घातलेल्या त्या मुलीचे लग्न झाले आहे की नाही, हेही ठरते.